अंबाजी पुन्हा पाणी प्यायला शिकला

रेवसच्या धक्क्यावर मी एकतीस वर्षं हमाली केली. त्यातली सत्तावीस अंबाजीबरोबर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँच आली की माल उतरवायचा, जाताना चढवायचा. कांदे, साखर, सिमेंट, बर्फ, मासळीच्या पाट्या. अंबाजी भातशेतीवाला. पावसाचे चार महिने तो त्याच्या गावी खाचरात असायचा, दसऱ्यानंतर धक्क्यावर. मी बाराही महिने धक्क्यावर. ओझी आम्ही सगळ्यांनीच उचलली. तेवढ्यासाठी मी लिहायला बसलो नसतो. त्र्याहत्तराव्या वर्षी अंबाजीने एक काम केलं, ते मी जवळून पाहिलं. ते काम पाणी पिण्याचं.

धक्क्यावर एक मडकं होतं आणि एक तांब्या. माणसं दहा-बारा. आगरी, कोळी, आम्ही मुसलमान, सगळ्यांना तोच तांब्या. नियम एकच. तांब्याला ओठ लावायचा नाही. मान मागे टाकायची, तोंड उघडायचं, वरून धार सोडायची. आमच्या घरी पाणी खाली बसून, थांबत थांबत प्यायची रीत. धक्क्यावर मीही वरून प्यायला शिकलो, पण माझा सदरा भिजायचा. अंबाजीचा कधी भिजला नाही. तो अख्खा तांब्या एका दमात रिकामा करायचा. थेंब सांडत नसे. लाँचची माणसं उतरता उतरता बघत थांबायची, आणि त्याला ते आवडायचं.

काम सुटल्यावरही त्याने ती सवय सोडली नाही. घरात स्टीलचे पेले आहेत. त्याला तांब्याच लागायचा, आणि वरूनच.

गेल्या जुलैत त्याला अर्धांगाचा झटका आला. तोंड एका बाजूला गेलं, डावा हात लुळा पडला. मुलगा रितेश उरणला कंपनीत कामाला आहे, तो धावत आला. दवाखाना झाला, मालिश झालं. दोन महिन्यांत हात उठायला लागला, तोंड बरंच सरळ झालं. काठी घेऊन अंबाजी ओटीवर येऊन बसायला लागला. आम्ही म्हटलं, सुटला.

मग ठसका सुरू झाला. भात खाताना नाही, पाणी पिताना. तांब्या वर केला, दोन घोट झाले की खोकल्याची उबळ. डोळे लाल, तोंड लाल. त्याची बायको काशीवहिनी धावत येऊन त्याच्या पाठीवर थापट्या मारायची.

"वर बघा, वर बघा! आढ्याकडं बघा!"

तो वर बघायचा. उबळ थांबली की माझ्याकडे बोट करायचा.

"यानं आठवण काढली माझी."

"मी तुझ्या समोर बसलोय, अंबाजी. समोरच्याची आठवण कोण काढतो?"

"मग जुन्या मुकादमानं काढली असेल. त्याला माझ्याशिवाय हाय कोण?"

असे दोन महिने गेले. दिवाळी झाली आणि ठसका कमी होत गेला. तुळशीच्या लग्नापर्यंत पूर्ण बंद. वहिनीने गावदेवीला नारळ फोडला. मी त्या दिवशी तिथेच होतो. अंबाजीने मला समोर बसवलं, तांब्या भरून मागवला, मान मागे टाकली आणि अर्धा तांब्या वरून ओतला. एकदाही खोकला नाही. मिशा पुसल्या.

"बघ. गेलं दुखणं."

मला अभिमान वाटला. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून मी घरी आलो.

त्यानंतर आठवड्याभरात त्याला ताप आला. गावच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, उतरला. दहा-बारा दिवसांनी परत आला. अंगावरचं मांस झडायला लागलं. धोतराची गाठ दोन बोटं आत गेली. बोलताना आवाज ओला यायचा, होडीच्या तळात पाणी साचल्यासारखा. पाणी प्यायल्यावर जास्त. वहिनी म्हणायची, थंडी आहे, कफ झालाय. मलाही तेच वाटलं. तिसऱ्यांदा ताप आला तेव्हा त्याला धाप लागली, आणि रितेशने गाडी करून त्याला अलिबागला नेलं. वहिनी आणि मीही बरोबर गेलो.

छातीचा फोटो काढला. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया. डॉक्टरांनी विचारलं की झटका येऊन गेलाय का, आणि तेजस्वी नावाच्या मुलीला बोलावून घेतलं. ती गिळण्याच्या आणि बोलण्याच्या त्रासावर उपचार करते. मंगळवारी अलिबागला असते, बाकीचे दिवस मुंबईच्या दवाखान्यात. वय तिशीच्या आतलं. बोलणं कमी, बघणं जास्त. मला ती तिथेच पटली.

तिने वहिनीला विचारलं, "आजी, पाणी पिताना यांना खोकला येतो का?"

वहिनी खुशीने म्हणाली, "आधी लय येत हुता. आता बंद झाला. नारळ फोडला मी."

तेजस्वीने लिहिणं थांबवलं.

"कधी बंद झाला?"

"तुळशीच्या लग्नाला."

"आणि ताप कधीपासून?"

वहिनीने बोटं मोजली. मग मोजणं अर्धं सोडून माझ्याकडे पाहिलं.

तेजस्वीने अंबाजीला उशांना टेकवून नीट ताठ बसवलं. एक चमचा पाणी दिलं. गळ्यावर दोन बोटं ठेवून गिळणं पाहिलं. मग म्हणाली, "आजोबा, आ करा." तो आ म्हणाला. आवाजात बुडबुडे होते. खोकला नव्हता. तिने चमचा बाजूला ठेवला, आणखी पाणी दिलं नाही.

"घशात दोन वाटा असतात," ती म्हणाली. "पुढची वाऱ्याची, मागची अन्नाची. गिळताना वाऱ्याची वाट बंद व्हायला हवी. झटक्यानंतर यांचं ते बंद होणं उशिरा होतंय. भात सावकाश जातो, त्याला थांबता येतं. पाणी धावतं. वाट बंद व्हायच्या आधीच पोचतं."

"पण खोकला न्हाय ना," वहिनी म्हणाली.

"खोकला थांबायची दोन कारणं असतात, आजी. घसा सुधारला, किंवा घशाला कळेनासं झालं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. कुत्रा भुंकायचा थांबला म्हणून चोर यायचा थांबला असं होत नाही."

वहिनीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"आणि हे पाणी पितात कसं?" तेजस्वीने विचारलं.

अंबाजीने उजवा हात वर करून तांब्या धरल्यासारखा केला आणि मान मागे टाकली. आजारातही त्याने ते ऐटीत केलं.

"असं पुन्हा करायचं नाही," ती म्हणाली. "मान मागे गेली की वाऱ्याची वाट उघडी पडते, आणि पाणी सरळ तिच्यात उतरतं. ठसका लागल्यावर वर बघायला सांगता ना? तेही नाही. खोकू द्यायचं, पुढे वाकून."

पाणी तोंडाने बंद झालं. सलाईन चालू होतं. भाताची पेज घट्ट करून, चमच्याने, तिच्यासमोर. ताप उतरला. घरी सोडताना तिने सांगितलं की मुंबईला येऊन दुर्बिणीची तपासणी करायची. बाहेरून पाहून आत काय जातंय ते कळत नाही, कारण खोकला खबर देत नाही. घट्ट पदार्थही आत जात असला तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल.

नळी हा शब्द ऐकला आणि अंबाजीने भिंतीकडे तोंड केलं.

डिसेंबरच्या शेवटी आम्ही लाँचने निघालो. अंबाजी, वहिनी आणि मी. रितेशला रजा मिळाली नाही. धक्क्यावरच्या नव्या पोरांनी अंबाजीला हात दिला, तो त्याने घेतला नाही. काठी टेकत, फळीवरून, स्वतः चढला. अडीच मिनिटं लागली. लाँच थांबली.

दवाखान्यात त्याच्या नाकातून काळी बारीक तार घशापर्यंत सोडली. टोकाला कॅमेरा. पडद्यावर घसा दिसत होता, गुलाबी, ओला. मध्ये दोन पांढऱ्या पट्ट्या उघडमीट करत होत्या. त्या पट्ट्यांच्या खाली वाऱ्याची वाट, असं तेजस्वीने सांगितलं. आधी हिरवा रंग घातलेली घट्ट पेज दिली. गिळताना पडदा क्षणभर पांढरा झाला, मग घसा परत दिसला. हिरवं थोडं कडेला राहिलं होतं, पट्ट्यांच्या खाली नव्हतं. दुसऱ्यांदा गिळायला लावल्यावर तेही गेलं.

मग हिरवं पाणी. अर्धा चमचाच.

"नेहमीसारखं गिळा."

पडदा पांढरा झाला, परत उघडला. पट्ट्यांच्या खाली, जिथे काही असायला नको, तिथे हिरवी रेघ उतरत होती. अंबाजी शांत बसला होता. खोकला नाही, डोळा ओला नाही. तो पडद्याकडे बघत होता.

"हे आत चाललंय?" त्याने विचारलं. तार नाकात, तरी आवाज मोठा.

"हो आजोबा."

"मला कळलं कसं न्हाय?"

"तेच दुखणं आहे."

तिने त्याला खोकायला लावलं. जोर लावून खोकल्यावर हिरवं थोडं वर आलं. मग तिने सांगितलं की आता हनुवटी छातीकडे न्या, आणि तसंच खाली ठेवून गिळा. मान तशी धरली की वाऱ्याच्या वाटेचं तोंड अरुंद होतं आणि जिभेच्या मागे पाण्याला थांबायला जागा होते. सगळ्यांना हे लागू पडत नाही. यांना पडतं का ते पाहायचं.

अंबाजीने मान हलवली. नाही म्हणून.

"मान खाली घालून पाणी गुरं पितात. मी आयुष्यात कुणापुढं मान खाली घातली न्हाय."

वहिनी त्याच्या पायाशी उभी होती. "मग नळी घाला त्यांच्या नाकात," ती तेजस्वीला म्हणाली. "मान वर राहील."

तो तिच्याकडेही बघेना. मला हे थांबवायला हवं होतं. मी म्हटलं, "अंबाजी, साखरेची गोणी पाठीवर घेतली की तुझी मान कुठे असायची?"

तो पडद्याकडे बघायला लागला.

"सांग की. सत्तावीस वर्षं मी तुझ्या मागून चाललोय. कुठे असायची?"

"खाली."

"का?"

"वर केली तर गोणी मानेवर बसंल. मोडंल मान."

"लाज वाटायची?"

त्याने मला एक शिवी दिली. तेजस्वीसमोर दिली म्हणून इथे लिहीत नाही. मग त्याने हनुवटी खाली केली, आणि त्याबरोबर पाठही वाकवली, गोणी घेतल्यासारखी.

"पाठ नाही," तेजस्वी म्हणाली. "पाठ भिंतीसारखी. फक्त हनुवटी."

हे त्याला अवघड गेलं. शरीराला जी सवय होती तिच्यात मान आणि पाठ एकत्र वाकायची. तीन घोट दिले. पहिला आत गेला, कारण गिळायच्या क्षणी मान वर उचलली गेली. दुसराही थोडा गेला. तिसरा स्वच्छ उतरला. पडद्यावर पट्ट्यांच्या खाली काही नव्हतं.

"म्हणजे लागू पडतं," तेजस्वी म्हणाली. "पण तीनात एकावर पाणी सुरू करता येणार नाही. तीन महिने सगळं घट्ट. गिळण्याची मेहनत रोज. मार्चमध्ये परत तपासू. मध्ये न्यूमोनिया झाला तर मात्र नळीचा विचार करावा लागेल."

तीन महिन्यांचं काम तिने कागदावर लिहून दिलं. मी कामाचे कागद पुष्कळ पाहिले आहेत. हा चांगला होता. त्यात काय करायचं ते होतं, किती वेळा ते होतं, आणि कसं केलं तर ते धरायचं नाही तेही होतं.

खुर्चीत ताठ बसायचं, पाय जमिनीला. पंचा घट्ट गुंडाळून हनुवटीखाली धरायचा, हनुवटीने तो छातीकडे दाबायचा, दहा आकडे थांबायचं. मग सोडायचं. नंतर तसंच भराभर तीस वेळा. जीभ टाळूला जोरात दाबून गिळायचं. घोट लहान. तोंडात घ्यायचा, थांबायचं, हनुवटी खाली, गिळायचं, हनुवटी खालीच ठेवून परत गिळायचं. मग आ म्हणायचं. आवाज ओला आला तर खोकायचं आणि पुढचा घोट थांबवायचा. जेवताना बोलायचं नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सकाळ-संध्याकाळ दात आणि जीभ स्वच्छ, कारण तोंडातली घाण लाळेबरोबर आत गेली तरी न्यूमोनिया होतो.

काशीवहिनी मुकादम झाली. मी बरेच मुकादम पाहिले, तिच्याइतका कडक एकच होता आणि त्याला आम्ही घाबरायचो. पंचा दाबताना अंबाजी आकडे भराभर मोजायचा. ती परत मोजायला लावायची.

"सातवरनं दहावर उडी मारलीत. पयल्यापासनं."

"अगं, मोजले की."

"गोण्या मोजताना अशीच उडी मारत हुता का?"

प्रत्येक घासाआधी ती म्हणायची, "गोणी घ्या." तो हनुवटी खाली करायचा. पाठ वाकली की ती लाटण्याने पाठीला टोचायची. टीव्ही जेवताना बंद. गप्पा मारायला मी जेवणाच्या वेळी गेलो तर मला ओटीवर थांबवायची. "तुमी बोलणार, त्ये हसणार. अर्ध्या तासानं या, वहाबभाय."

पेज तिला सोपी होती. अवघड होतं कालवण. अंबाजीला बोंबलाचं पातळ कालवण भातावर ओतून लागतं. पातळ आणि शितं एकाच घासात म्हणजे सगळ्यात वाईट, शितं चावेपर्यंत पाणी पुढे निघून जातं. वहिनीने कालवणात तांदळाचं पीठ लावून ते आटवलं, मासा काटा काढून कुस्करला आणि भात त्यात मऊ कालवला. अंबाजी म्हणाला की हे कालवण नाही, ही खळ आहे. आणि संपवलं. मी एकदा चव घेतली. त्याचं म्हणणं बरोबर होतं.

पाण्याऐवजी घट्ट पेज पेल्यातून द्यायची होती, त्या पेल्याचं काम माझ्याकडे आलं. पेला रिकामा होत आला की त्याची कड नाकाला लागते आणि मान आपोआप मागे जाते. तेजस्वीने सांगितलं होतं की नाकाच्या बाजूने कापलेला पेला वापरा. बाजारात मिळाला नाही. मी प्लॅस्टिकचे चार पेले आणले, आरीच्या पात्याने एका बाजूला नाक मावेल एवढी खाच कापली, कड काचपेपरने घासली. पहिले दोन वाकडे कापले गेले. तिसरा बरोबर झाला. चौथा त्याच्यावरून.

एक चूक झाली ती सांगितली पाहिजे. जानेवारीत शेजारच्या घरी लग्न होतं, पाहुणे आले होते, आणि कुणीतरी सवयीने अंबाजीपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. आम्ही सगळे मांडवात होतो. अंबाजीने तो उचलला. वहिनीने लांबून पाहिलं, पण मांडव ओलांडेपर्यंत उशीर झाला असता. अंबाजीने तांब्या हातात धरला, थोडा वेळ, आणि शेजारच्या पाहुण्याच्या हातात दिला. "तुमी घ्या," म्हणाला. "मला माझा पेला लागतो." दहा माणसांत बोलला. ज्याने आयुष्यभर बघे जमवले त्याने. मी तिथून उठून बाहेर गेलो, विडी ओढायला. विडी मी सोडून नऊ वर्षं झाली आहेत.

फेब्रुवारी गेला. ताप आला नाही. वहिनी रोज संध्याकाळी त्याच्या कपाळाला हात लावायची, मग थर्मामीटर लावायची, आणि आकडा कॅलेंडरवर लिहायची. धोतराची गाठ एक बोट बाहेर आली. पंच्याची नवीन गुंडाळी करावी लागली. पहिली दाबून दाबून सपाट झाली होती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परत मुंबई. परत तार, परत पडदा. तेजस्वीने घट्ट पेज दिली, ती गेली. मग हिरवं पाणी, अर्धा चमचा, मान सरळ ठेवून. थोडं अजून आत उतरलं. मात्र या वेळी अंबाजी खोकला, आपणहून. जोरात, पुढे वाकून.

तेजस्वी हसली. पहिल्यांदाच हसताना पाहिली. "खोकला आला, आजोबा. घशाला थोडं कळायला लागलंय."

"आला तो चांगला की वाईट?"

"चांगला. पण मान सरळ ठेवून प्यायचं नाही, हे कायम. आता तुमच्या पद्धतीने."

वहिनीला "गोणी घ्या" म्हणावं लागलं नाही. अंबाजीने दोन्ही पाय जमिनीला टेकवले. पाठ ताठ केली. घोट तोंडात घेतला, थांबला. हनुवटी खाली गेली, पाठ हलली नाही. पडदा पांढरा झाला. परत उघडला. तेजस्वी वाकून पाहत राहिली. हनुवटी खाली ठेवून तो दुसऱ्यांदा गिळला, मग म्हणाला, आ. आवाज कोरडा होता.

"स्वच्छ," तेजस्वी म्हणाली. "पट्ट्यांच्या खाली काहीच नाही. नळीचा विषय संपला. पाणी सुरू करू, लहान घोटांनी."

ती तार काढायला पुढे झाली. अंबाजीने हात वर करून तिला थांबवलं.

"थांब, बाय. एका खेपेवर काय समजतंय? अजून दे."

तिने दुसरा घोट दिला, पूर्ण चमचा. मग तिसरा, पेल्यातून. ते दोन्ही उतरले आणि पट्ट्यांच्या खाली गुलाबीच राहिलं. काशीवहिनी तपासणी सुरू झाल्यापासून उभी होती. तिला दोनदा खुर्ची दिली होती, तिने घेतली नव्हती. तिसऱ्या घोटानंतर ती बसली.